फोटोतली पिवळी फुलं

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर बागेचा फोटो आला. पिवळ्या फुलांच्या झाडाखाली राधिकाचा दीड वर्षाचा मुलगा फतकल मारून बसला होता. मी फोटो मोठा करून पाहिला. लांब, अरुंद, चकचकीत पानं, नरसाळ्यासारखी फुलं आणि त्याच्या पायाशी पडलेलं एक हिरवं, कोनेदार फळ. बिट्टीच ती, म्हणजे पिवळी कण्हेर.

ग्रुपवर लिहिलं असतं, तर बोलणं झाडावरून आईच्या लक्षावर घसरलं असतं. म्हणून तिला एकटीलाच लिहिलं:

‘राधिका, फोटो गोड आहे, पण ते झाड विषारी आहे. पानं, फुलं, चीक, सगळंच. सर्वांत जास्त विष बीत. बाळाच्या तोंडात काही गेलंय का, एवढं आधी बघ. मग मला फोन कर.’

तिचा लगेच फोन आला. ‘काकू, त्याच्या मुठीतून एक फळ मी काढून घेतलं होतं. दाताच्या खुणा आहेत त्यावर. पण आता तर तो मजेत खेळतोय!’

तो खेळतोय म्हणून थांबायचं नव्हतं. उलट्या, जुलाब किंवा तोंडाची आग बहुधा आधी दिसते, पण खरी भीती हृदयाची. हृदयविकारावरच्या डिजॉक्सिन या औषधाशी बिट्टीच्या विषाचं नातं आहे. पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा तोल ते बिघडवतं. नाडी मंदावते, ठोके चुकतात, आणि हे काही तासांनंतरही होऊ शकतं. आतली कठीण आठळी न फुटता गिळली गेली, तर धोका कमी असतो. मात्र ती फुटून आतली बी चावली गेली, तर एवढ्याशा जिवाला एखाद-दुसरी बीही जड जाऊ शकते.

मी तिला सांगितलं, ‘बोट घालून उलटी काढू नकोस, मीठपाणी पाजू नकोस. तोंड पुसून काढ, ते फळ आणि एक डहाळी पिशवीत घाल आणि थेट दवाखाना गाठ.’ डहाळी अशासाठी, की नुसतं ‘पिवळं फूल’ म्हटलं तर डॉक्टरांना काहीच कळत नाही.

फळाचा गर कुरतडलेला होता, आठळी मात्र शाबूत होती. तरीही डॉक्टरांनी ईसीजी काढला, पोटॅशियम तपासलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी बाळ घरी आलं.

आम्ही लहानपणी याच बियांनी बिट्ट्या खेळलो, त्यामुळे आमच्या पिढीला या झाडाची भीती वाटत नाही. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून ते कुंपणाला लावतात, पाणीही फारसं मागत नाही. पण रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं.

सोमवारी माळ्याने हातमोजे घालून झाड काढलं. फांद्या जाळू दिल्या नाहीत, कारण धूरही त्रास देतो. गवतात पडलेल्या आठळ्या मी आणि राधिकाने वेचल्या. बादलीभर निघाल्या.