टीव्ही जोडला, पण नेट नाही

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये नवा स्मार्ट टीव्ही लागतो. वायफायचा पासवर्ड बरोबर असतो, टीव्ही ‘जोडले’ असंही दाखवतो, पण मॅच काही सुरू होत नाही. दोष बहुतेक वेळा टीव्हीचा नसतो. अशा नेटवर्कवर पासवर्डाइतकीच नोंदणीही महत्त्वाची असते. मोबाइल आणि लॅपटॉपवर लॉगिनचं पान उघडतं, तिथे आपण नाव-पासवर्ड टाकतो. टीव्हीवर ते पान बहुधा उघडतच नाही. म्हणून संगणक विभाग टीव्हीचा मॅक पत्ता यादीत घेतो आणि त्यावरून त्याला आत सोडतो.

मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी क्रमांक, उदाहरणार्थ `00:00:5E:00:53:8B`. यात 0 ते 9 आणि A ते F एवढंच येतं, त्यामुळे गोल दिसणारं अक्षर O नसून शून्यच असतं. 8 आणि B मात्र नीट पाहून लिहा. एक अक्षर चुकलं तरी मंजुरी मिळते, पण ती दुसऱ्याच कुठल्या तरी पत्त्याला.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते वेगळ्याच कारणाने. टीव्हीला सहसा दोन पत्ते असतात, एक वायफायचा, एक केबलचा. मागच्या लेबलवरचा पत्ता केबलचा निघाला आणि टीव्ही वायफायवर चालवायचा असला, तर नोंदणी होऊनही नेट मिळत नाही. म्हणून ज्या मार्गाने टीव्ही जोडणार, त्याचाच पत्ता सेटिंगमधल्या ‘अबाउट’ किंवा ‘नेटवर्क’ भागातून घ्या आणि पडद्याचा फोटो अर्जाला जोडा. टीव्हीला स्टिक लावली असेल तर नोंदणी स्टिकची करायची, कारण नेट ती घेते.

पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल तर जरा थांबा. बहुधा तो उपकरणाने त्या नेटवर्कपुरता बनवलेला पत्ता असतो आणि पुढे बदलू शकतो. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’खाली मूळ पत्ता वापरण्याचा पर्याय असेल, तर तो आधी निवडा, मग नोंदणी करा.

अर्जात मॉडेल, खोली, वायफाय की केबल, मॅक पत्ता आणि जबाबदार व्यक्तीचं नाव द्या. हॉस्टेलमध्ये रेक्टरांची, ऑफिसात विभागप्रमुखांची सही बहुतेक ठिकाणी मागतात. मंजुरी आल्यावर टीव्हीवरचं जुनं वायफाय ‘फरगेट’ करा, टीव्हीचा प्लग काढून पुन्हा लावा आणि नव्याने जोडा. नाहीतर तो जुन्याच, अडवलेल्या जोडणीला चिकटून राहतो.

मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट करायचं असेल तर तेही अर्जातच लिहा. पुष्कळ ठिकाणी एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत, आणि ती परवानगी वेगळी मागावी लागते.