मंद्रूपचा खडा आणि ८३७ अंश

सोलापूरहून विजापूरकडे निघालं की वाटेत मंद्रूप लागतं. या भागातल्या काळ्या रानात नांगर फिरला की ढेकळांबरोबर पांढुरके, गाठाळ खडे वर येतात. चुनखडीचे खडे. एक उचला, माती पुसा आणि वर लिंबू पिळा. बारीक फेस येतो, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते. खड्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय.

आता गंमत बघा. मंद्रूपचा उन्हाळा किती कडक! तरी हा खडा वर्षानुवर्षं उन्हात पडून खडाच राहतो. तोच भट्टीत घातला की वायू सोडून देतो आणि मागे उरतो कळीचा चुना. मग खडा पलटतो नेमका किती तापल्यावर? हे भट्टी न पेटवता, कागदावर काढता येतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या विलर्ड गिब्स यांनी १८७० च्या दशकात त्याची वाट दाखवली.

दोघांची ओढाताण

ΔG = ΔH − TΔS

ΔG म्हणजे गिब्स ऊर्जेतला बदल; तो उणे असला तरच क्रिया आपणहून होते. ΔH म्हणजे एन्थाल्पीतला बदल, इथे खडा फोडायला लागणारी उष्णता. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम घेतली तर ती १७८ किलोज्यूल. म्हणजे किलोभर खडे फोडायला जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढ्यात सुमारे सहा लिटर पाणी उकळीला येईल. हा खर्च क्रियेला मागे ओढतो.

ΔS म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, कणांना मिळालेला मोकळेपणा. १०० किलो दगडातून ४४ किलो वायू सुटतो. साध्या हवेच्या तापमानाला तो जवळजवळ साडेचोवीस घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे एक लहान खोली भरते! म्हणून ΔS चांगलाच धन आहे: १०० ग्रॅममागे दर केल्विनला १६०.६ ज्यूल. हा क्रियेला पुढे ढकलतो. पण त्याला T ने गुणायचं असल्यामुळे थंडीत त्याचा जोर कमी आणि आचेत जास्त.

३० अंश सेल्सियसला, म्हणजे ३०३ केल्विनला, TΔS भरतो ४९ किलोज्यूल. १७८ मधून ४९ गेले, ΔG उरला अधिक १२९. क्रिया आपणहून होणार नाही. ७०० अंशांना तो अधिक २२ वर उतरतो. ९५० अंशांना उणे १८, दगड आपणहून फुटायला तयार. मधे कुठेतरी शून्य येणार, आणि ते ΔH ला ΔS ने भागलं की मिळतं: १७८३०० भागिले १६०.६, म्हणजे १११० केल्विन. सेल्सियसमध्ये जवळपास ८३७.

परीक्षेतला खड्डा

ΔH किलोज्यूलमध्ये, ΔS ज्यूलमध्ये. विद्यार्थी घाईत १७८ ला थेट १६०.६ ने भागतात आणि उत्तर येतं १.१ केल्विन. त्या हिशेबाने मंद्रूपचे सगळे खडे केव्हाच चुना झाले असते. असं उत्तर दिसलं की आधी एककं तपासावीत.

भट्टीचं म्हणणं थोडं वेगळं

प्रत्यक्षात हा आकडा ९०० अंशांच्या आसपास जातो. ΔH आणि ΔS तापमानाबरोबर थोडे बदलतात, आपण मात्र ते २५ अंशांचेच धरले. शिवाय हा हिशेब सभोवती कार्बन डायऑक्साइडचा पूर्ण एक बार दाब आहे असं मानतो. भट्टीतून वारा खेळता राहून वायू निघून जात असेल तर दगड कमी तापमानालाही फुटतो. वायू कोंडला तर चुना तोच वायू ओढून पुन्हा दगड होऊ लागतो. म्हणून भट्टीला नुसती आच पुरत नाही, ओढही लागते.

आणि ΔG उणे असणं म्हणजे काम झटपट होणं नव्हे. मोठ्या दगडाच्या पोटापर्यंत आच पोचायला तास लागतात. कच्चा राहिलेला गाभा ओळखायची साधी खूण: कळी पाण्यात टाकली की भाजलेला भाग फुलून, तडकून विरतो आणि मधला दगड तसाच तळाशी राहतो. उलट आच फार झाली तर चुना घट्ट होतो आणि पाणी उशिरा पितो. मग तो भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात.

परतीची वाट

भिजवलेला चुना भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. इथे ΔG साध्या हवेतच उणे आहे, भट्टी लागत नाही, फक्त वेळ लागतो. मंद्रूपहून हाच रस्ता पुढे धरला की विजापूरचा गोलघुमट दिसतो. १६५६ च्या सुमारास उभा राहिलेला, चुन्याच्या सांध्यांनी बांधलेला. आधी आचेने दगडातून काढलेला वायू त्या सांध्यांनी पुढे वर्षानुवर्षं हवेतून परत घेतला आहे.