चष्म्याचा नंबर बदललेला नव्हता

दादर स्थानकाबाहेरच्या थांब्यावर टॅक्सी लावणारे चव्वेचाळीस वर्षांचे एक चालक. सकाळी उठताच डोक्याचा मागचा भाग ठणके आणि रात्री सिग्नलचे दिवे पसरट दिसू लागले. चष्म्याचा नंबर वाढला असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि दहा दिवस डोकेदुखीच्या गोळ्यांवर काढले. अकराव्या दिवशी समोरच्या गाडीचा क्रमांकही वाचता येईना, तेव्हा ते पालिकेच्या दवाखान्यात गेले. आयुष्यात त्यांनी रक्तदाब एकदाही मोजून घेतला नव्हता.

परिचारिकेने त्यांना लगेच पट्टा बांधला नाही. “चहा घेऊन आलात का, दादा? तंबाखू?” दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आले. चहा, तंबाखू व धावपळ यांमुळे आकडा तात्पुरता चढतो, म्हणून मोजणीपूर्वी अर्धा तास ही दोन्ही टाळावीत, असे सांगितले जाते. मात्र दृष्टीची तक्रार असलेल्या रुग्णाला अर्धा तास थांबवणे योग्य नसते. तिने त्यांना लघवीला जाऊन येण्यास सांगितले, मग पाठ टेकवून, पावले जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसवले. शर्टाची बाही वर करून उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात मेजावर हृदयाच्या पातळीत ठेवला आणि मोजताना बोलू नये असे बजावले. दंड जाड असल्याने तिने मोठा पट्टा निवडला होता; लहान पट्टा आवळला तर आकडा खऱ्याहून अधिक येतो.

यंत्राने १९२/११८ दाखवले. दोन मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा १८६/११६.

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि खालचा ते सैल पडतानाचा दाब सांगतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्यांत वरचा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास उच्च रक्तदाब मानला जातो. एका चढ्या आकड्यावरून सहसा निदान होत नाही. येथे मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याजोगी स्थिती नव्हती, कारण आकडा १८० च्या वर होता आणि सोबत दृष्टी अंधुक झाली होती. डॉक्टरांनी त्यांना त्याच दुपारी रुग्णालयात धाडले. “टॅक्सी इथेच राहू द्या, भावाला बोलवा,” असे सांगून गाडी चालवण्यास मनाई केली.

रुग्णालयात डोळ्यांत प्रकाश टाकून दृष्टिपटल तपासले गेले. शरीर न उघडता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहता येतात अशी ही जागा. तेथे रक्तस्रावाचे बारीक ठिपके होते. लघवीतही प्रथिने आढळली. चष्म्याचा यात दोष नव्हता. अति दाबामुळे डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा होऊ लागली होती.

नातेवाइकांना वाटले, आता आकडा तासाभरात खाली आणतील. तसे केले गेले नाही. दीर्घकाळ चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा दाब एकाएकी उतरल्यास कमी पडू शकतो आणि पक्षाघाताचा धोका संभवतो. म्हणून दाब देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आला. घरातील दुसऱ्या कुणाची रक्तदाबाची गोळी अशा वेळी देऊ नये, ती याच कारणासाठी.

घरी जाताना त्यांना रोज घेण्याच्या दोन गोळ्या, अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, लिहून दिल्या गेल्या. तंबाखू सोडण्यास सांगितले. दिवसभराचे मीठ लोणचे, पापड व वडापावातील धरून पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, एवढ्यावर आणायचे ठरले. सहा आठवड्यांनी दाब १३६/८६ झाला आणि दिवे पुन्हा नीट दिसू लागले. तेव्हा त्यांनी विचारले, “आता गोळ्या बंद करू ना?” आकडा गोळ्यांमुळेच खाली होता, त्या स्वतःहून थांबवल्या असत्या, तर तो पुन्हा चढला असता.

या हकिकतीवरून आपला एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. डोके दुखणे ही रक्तदाबाची खात्रीची खूण नव्हे. बहुतेक डोकेदुखीचा त्याच्याशी संबंध नसतो, आणि दाब वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तक्रार नसतानाही वर्षातून एकदा तो मोजून घ्यावा. आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी विनामूल्य होते. मात्र चढ्या दाबासोबत दृष्टी अंधुक होणे, छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे यांपैकी काही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पुढच्या तपासणीला हे चालक थांब्यावरच्या चार सोबत्यांना घेऊन आले. त्यांपैकी सर्वांत तरुण, चौतीस वर्षांच्या चालकाचा दाब १५८/९६ भरला. त्याचे डोके कधीच दुखले नव्हते. त्याला आठवड्याभराने, चहा न घेता, पुन्हा बोलावले आहे.