मैत्रिणीचा टोमणा आणि परत आलेला डबा

"तू त्या दिवशी वर्गात म्हणालीस, हिला शेवटच्या बाकावर बसवा, नाहीतर बाक मोडेल. सगळे हसले. मीपण हसले. पण त्या दिवसापासून मी डबा खाल्लेला नाही."

नववीतल्या एका मुलीने मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रातली ही वाक्यं आहेत. तिच्या आईला पत्र दप्तरात सापडलं आणि ती ते घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या परवानगीने, नाव न सांगता हे लिहिते आहे.

मुलगी १४ वर्षांची, उंची १५२ सेंटिमीटर. चार महिन्यांपूर्वी शाळेच्या तपासणीत तिचं वजन ४८ किलो भरलं होतं. या वयाला आणि उंचीला ते बरोबर आहे, ती जाड नव्हतीच. मग टोमणा का बसला? तिची पाळी बाराव्या वर्षी आली, मैत्रिणीची अजून आलेली नाही. पाळी येण्याच्या आधी-नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुलीच्या मांड्या, कंबर आणि छाती भरते. पाळी नियमित राहायला शरीराला तेवढी चरबी लागतेच. जिचं हे आधी होतं ती वर्गात मोठी दिसते, इतकंच. आणि मोठ्या माणसांचा वजनाचा तक्ता या वयाला लावायचा नसतो. मुलींसाठी वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो.

आता तिचं वजन ४३ किलो आहे. तक्त्यात हेही बसतं, म्हणून शेजारणी म्हणाल्या, "बरी बारीक झाली." इथेच आपण फसतो. वाढीच्या वयात वजन वाढायला हवं. इथे पाच किलो, म्हणजे दहावा हिस्सा उतरलाय. आकडा तक्त्यात बसतो की नाही यापेक्षा तो कुठून कुठे आला ते बघावं लागतं. दोन महिने पाळी आलेली नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४ निघालं. या वयात ते किमान १२ हवं.

सकाळी नुसता चहा, डबा तसाच परत, मग रात्री भूक अनावर झाली की आई झोपल्यावर टोपातला उरलेला भात उभ्याउभ्या खायचा आणि रडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. हा हट्ट किंवा नाटक नाही. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री खायला लावतंच. आणि अन्न कमी पडतंय असं मेंदूला कळलं की तो पाळीचं काम आधी बंद करतो. म्हणूनच चिडवून कुणाचं वजन नीट उतरत नाही. मुलगी खरंच जाड असली तरी हेच होतं, उलट उपाशी राहणं आणि मग एकदम खाणं यात पुष्कळदा वजन वाढतं.

आईने सांगितलं, "ताई, मी सकाळी सहाला कामावर जाते, मला डबा रिकामाच दिसायचा." ती तो वाटेत कुत्र्याला घालायची. डब्यावरून कळेलच असं नाही. एकटीनेच जेवते, जेवल्याबरोबर संडासला जाते, उन्हाळ्यातही ढगळ कपडे घालते, सारखी थंडी वाजते, केस गळतात, यावरून कळतं.

तिला आम्ही आधी डॉक्टरांकडे नेलं. लोहाच्या गोळ्या त्यांनीच ठरवल्या, कारण शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी एवढ्या कमी रक्ताला पुरत नाही. गोळीसोबत लिंबू चालतं, पण पुढचा-मागचा तासभर चहा नको. दर तीन-चार तासांनी थोडं खायचं: सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, डब्यात भाकरी आणि डाळ, संध्याकाळी भिजवलेले चणे किंवा अंडं. वजन घरी रोज करायचं नाही, महिन्यातून एकदा मी करते. घरात "सुटलीस" आणि "वाळलीस" दोन्ही शब्द बंद. बारशाला, हळदीला भेटलो की आपण बायका पहिलं वाक्य हेच बोलतो, मीही बोललेय.

मुलगी चक्कर येऊन पडली, खाऊन मुद्दाम उलटी काढत असली, पाणीही टाळत असली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जगायचं नाही असं बोलली तर तिला एकटी सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा. मनावर ओझं असेल तर १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येतं.

पत्राचं काय करायचं, हे तिनेच विचारलं. पहिल्या खर्ड्यात मैत्रिणीच्या दातांवर दोन ओळी होत्या, त्या तिनेच खोडल्या. मी एवढंच सुचवलं की काय बोललीस, मला काय झालं आणि आता काय हवं, हे तीन लिही. शेवट तिचा आहे:

"माफी माग असं म्हणत नाही. पण पुन्हा कुणी माझ्यावर हसलं तर तू हसू नकोस. मधल्या सुट्टीत मी डबा खाणार आहे. एकटीने खायला अजून भीती वाटते. बसशील का? जय भीम."

पत्र सोमवारी दिलं. बुधवारपर्यंत उत्तर नव्हतं. गुरुवारी मैत्रीण स्वतःचा डबा घेऊन तिच्या बाकावर आली आणि काही न बोलता जेवली. पाळी अजून आलेली नाही, वजन ४४ आहे.