छेद आधी ठरवा

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी निफ्टीचे ताजे आकडे येणे थांबले. ११ वाजून ४० मिनिटांनी बाजाराने व्यवहार बंद केले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांमध्ये बिघाड असल्याचे बाजाराने कळवले. बाजार पुन्हा सुरू झाला तो दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी, आणि त्या दिवशी व्यवहारांची वेळ वाढवून पाचपर्यंत नेण्यात आली.

एखादी यंत्रणा महिन्यातला किती टक्के वेळ चालू होती, याला 'अपटाइम' म्हणतात. या एका घटनेवरून त्या महिन्याचा अपटाइम काढू. समजा, महिन्यात बाकी काहीच बंद पडले नाही. सूत्र सोपे आहे: चालायला हवी होती ती मिनिटे घ्या, त्यातून बंद पडलेली वजा करा, उरलेल्याला पहिल्या आकड्याने भागा आणि शंभरने गुणा.

फेब्रुवारीचे २८ दिवस म्हणजे ४०,३२० मिनिटे. ११.४० ते ३.४५ म्हणजे २४५ मिनिटे बंद. उत्तर येते ९९.३९ टक्के. अहवालात हा आकडा पाहून कुणाची झोप उडणार नाही.

पण शेअर बाजार रात्री दोनला चालवायचाच नसतो. रोख बाजाराची नेहमीची वेळ सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३०, म्हणजे ३७५ मिनिटे. त्या महिन्यात सोमवार ते शुक्रवार मिळून २० दिवस बाजार होता. म्हणजे एकूण ७,५०० मिनिटे, आणि त्यातली ११.४० ते ३.३० ही २३० मिनिटे बंद. आता उत्तर ९६.९३ टक्के. घटना तीच, नोंदही तीच, फक्त छेद बदलला. गिऱ्हाईक दारात उभे नसतानाचे तास छेदात मिसळले की दुरवस्था पातळ होते. म्हणून सेवा ज्या वेळेची कबूल केली आहे तोच छेद, आणि त्याच वेळेतली बंद मिनिटे अंशातून वजा करायची.

आता 'एरर बजेट' पाहू. आपण जितके टक्के वचन देतो त्याच्या उरलेल्या भागाइतके बंद पडण्याची मुभा, म्हणजे एरर बजेट. उदाहरणापुरते ९९.९ टक्के लक्ष्य धरू. ७,५०० मिनिटांचा ०.१ टक्का म्हणजे महिन्याला साडेसात मिनिटे. २३० मिनिटांनी ते बजेट तिसाहून अधिक पटींनी संपवले. अख्ख्या महिन्याचा छेद धरला असता तर मुभा ४० मिनिटांची झाली असती आणि २४५ मिनिटांचा खर्च जेमतेम सहापट दिसला असता. बजेट संपल्यावर नवे बदल थांबवून आधी दुरुस्तीकडे वळावे, हा या हिशेबाचा खरा उपयोग. तो आकडा पातळ असेल तर तो निर्णयही उशिरा होतो.

दुसरा कळीचा मुद्दा म्हणजे घड्याळ कधी सुरू करायचे. व्यवहार अधिकृतपणे थांबले ११.४० ला, पण निर्देशांक दहानंतरच गोठला होता. ज्याला दर दिसत नाही त्याच्या दृष्टीने बाजार तेव्हाच अर्धा बंद झाला. ती वेळ पूर्ण बंद धरली तर बंद काळ सुमारे ३२० मिनिटांवर आणि अपटाइम ९५.७ टक्क्यांच्या आसपास जातो. उत्तम मार्ग असा की निर्देशांक आणि व्यवहार यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. घटनांच्या नोंदवहीत 'बिघाड सुरू', 'लक्षात आला', 'सेवा परत' अशा तीन वेळा हव्यात. फक्त लक्षात आल्याची वेळ लिहिली की आधीचा काळ हिशेबातून निसटतो. दोन घटना एकमेकींवर चढल्या असतील तर त्या काळाची मिनिटे एकदाच मोजायची.

पावणेचार ते पाच वाजेपर्यंत बाजार जास्त चालला, ती मिनिटे वजाबाकीत परत जमा करावीत का? नाही. बारा वाजता हवी असलेली सेवा चारला मिळाल्याने बाराची उणीव भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी डेरिव्हेटिव्ह करारांची मासिक मुदत संपत होती. त्याच्या आदल्या दुपारी अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्याच दिवशीचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवले. नंतर वाढवलेल्या वेळेने ते सौदे उलटत नाहीत.

आणि या हिशेबाची एक मर्यादा. चिरनेरसारख्या गावात मोबाइलवर सौदे करणाऱ्याचे नेटवर्क गेले किंवा ब्रोकरचे ॲप अडकले, तर बाजाराच्या नोंदवहीत तो दिवस शंभर टक्केच राहील. त्यामुळे अपटाइमचा आकडा दिसला की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: छेद कुठल्या तासांचा, घड्याळ कुठल्या खुणेला सुरू झाले, आणि मोजमाप कुणाच्या दारापर्यंत केले. ही उत्तरे बिघाड होण्याआधी लिहून ठेवलेली असावीत. बिघाडानंतर ठरवलेल्या छेदातून प्रत्येकाला हवा तो आकडा काढता येतो.