खोटा व्हिडिओ उतरवायचा, तर आधी लिंक

नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना हिचा चेहरा दुसऱ्याच तरुणीच्या व्हिडिओवर बसवला गेला आणि देशभर गदारोळ झाला. सामान्य माणसावर ही वेळ आली, की तो घाबरून मित्रांना सांगतो, सगळे मिळून रिपोर्ट करा. त्याने फारसं काही होत नाही. ज्याचा चेहरा वापरलाय, त्याची स्वतःची एक नीट तक्रार जास्त कामाची, कारण कायद्याने ती वेगळी धरली आहे.

माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 नुसार नग्नता दाखवणारा किंवा बनावट चेहऱ्याने तोतयेगिरी करणारा मजकूर, पीडिताची किंवा त्याच्या वतीने कुणाची तक्रार येताच 24 तासांत हटवावा लागे. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने ही मुदत 2 तासांवर आणली.

समजा, एखाद्या शिक्षिकेचा असा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर आला. तिने आधी ब्लॉक करू नये, नाहीतर तो तिलाच दिसेनासा होतो. शेअरच्या खुणेवर जाऊन त्या पोस्टची लिंक कॉपी करावी. प्रोफाइलची लिंक पुरत नाही. तक्रार नेमकी इथेच अडकते. खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. पीडित अल्पवयीन असेल, तर मात्र असं चित्र साठवू नये, कुणाला पाठवूही नये. फक्त लिंक घेऊन पोलिसांकडे जावं.

मग ॲपमध्ये रिपोर्ट करताना 'स्पॅम' किंवा 'आवडलं नाही' निवडू नये. नग्नता किंवा तोतयेगिरी हाच पर्याय घ्यावा. शिवाय कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. मजकूर साधा असावा: 'या लिंकवरील व्हिडिओतला चेहरा माझा आहे. व्हिडिओ कृत्रिमरीत्या बनवला आहे. माझी संमती नाही.' मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. 'आमच्या धोरणाचा भंग नाही' असं उत्तर आलं, तर त्यानंतर 30 दिवसांत gac.gov.in वर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे दाद मागता येते. गुन्ह्याची नोंद cybercrime.gov.in वर करायची. तो तपासाचा रस्ता आहे. व्हिडिओ उतरायची वाट पाहत तो थांबवू नये.

खरा मनस्ताप पुढे असतो. तोच व्हिडिओ दुसऱ्या खात्यावरून पुन्हा येतो आणि प्रत्येक लिंकची तक्रार वेगळी करावी लागते. चित्र अश्लील असेल आणि वय 18 च्या वर असेल, तर StopNCII.org वापरावं. चित्र फोनमध्येच राहतं, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारी पोस्ट अडवता येते. चित्रात बराच फेरफार केला, तर हा ठसा चुकतो. व्हॉट्सॲपच्या खासगी गप्पांपर्यंतही तो पोहोचत नाही. तिथे ज्या ग्रुपवर व्हिडिओ आला, त्यातल्या कुणीतरी तो मेसेज दाबून धरून रिपोर्ट करावा लागतो.