‘तीस टक्के जास्त वीज’ कधी मिळते?

सोलर पॅनेल घ्यायला गेलं की दुकानदार दोन प्रकारचे चार्ज कंट्रोलर समोर ठेवतो. एक स्वस्त, तो पीडब्ल्यूएम. दुसरा त्याच्या कितीतरी पट महाग, तो एमपीपीटी. महागडा का घ्यायचा असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘त्याच पॅनेलमधून तीस टक्के जास्त वीज.’ हा आकडा खोटा नाही, पण सगळीकडे लागूही पडत नाही.

शंभर वॅटचं नेहमीचं पॅनेल घेऊ. त्याच्या मागच्या स्टिकरवर ‘व्हीएमपी’ साधारण १८ व्होल्ट लिहिलेलं असतं. या व्होल्टेजला पॅनेल सर्वांत जास्त वीज देतं: १८ व्होल्ट, साडेपाच अँपिअर, म्हणजे शंभर वॅट. पण बॅटरी बारा व्होल्टची आहे. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे भराभर चालू-बंद होणारा एक इलेक्ट्रॉनिक स्विच. बॅटरी भरत आली की तो बंद राहण्याचा वेळ वाढवतो आणि तिला जादा चार्जिंगपासून वाचवतो. मात्र स्विच चालू असताना पॅनेल थेट बॅटरीला जोडलेलं असतं, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकंच खाली येतं. बॅटरी साडेबारा व्होल्टला असेल, तर ५.८ अँपिअरच्या आसपास करंट मिळतो, म्हणजे ७२ वॅट. उरलेले २८ वॅट बॅटरीपर्यंत येतच नाहीत.

एमपीपीटीमध्ये कॉइल असते. तो पॅनेलला १८ व्होल्टवरच काम करू देतो आणि वरच्या व्होल्टेजचं रूपांतर जास्तीच्या करंटमध्ये करतो. पॅनेलचं व्होल्टेज किंचित वर-खाली करून, वॅट वाढले की कमी झाले हे पाहत तो योग्य जागा सतत शोधत राहतो. रूपांतरात पाचेक टक्के वीज खर्च होते. तरी ९५ वॅट, म्हणजे साडेसात अँपिअर बॅटरीला मिळतात. ७२ ऐवजी ९५: तीस टक्क्यांचा दावा येतो तो इथून.

पण हा हिशेब पॅनेल २५ अंश तापमानाला असतानाचा. विदर्भात मे महिन्यात छपरावरच्या पॅनेलचं तापमान सहज ६५ अंशांवर जातं. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. चाळीस अंशांचा फरक म्हणजे १६ टक्के घट. १८ व्होल्टचे १५ होतात आणि शंभर वॅटचे ८४. एमपीपीटी त्यातले ८० बॅटरीला पोचवतो. पीडब्ल्यूएमचे मात्र ७२ च्या आसपासच राहतात, कारण त्याला वरचं व्होल्टेज कधी वापरताच आलं नव्हतं. फायदा उरला दहा-अकरा टक्के. दुपारपर्यंत बॅटरी १४ व्होल्टवर आली की दोघांचे वॅट जवळपास सारखे होतात. बॅटरी पूर्ण भरल्यावर तर जादा वीज घ्यायला जागाच नसते. थंडीतली सकाळ आणि रात्रभर वापरून उतरलेली बॅटरी, एमपीपीटी खरा कमावतो तो अशा वेळी.

मोठं पॅनेल घेतलं की हे चित्र पालटतं. ३३५ वॅटच्या, ७२ सेलच्या पॅनेलचं व्हीएमपी ३८ व्होल्ट आणि करंट सुमारे ९ अँपिअर असतो. ते पीडब्ल्यूएमने बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, तर मिळतात जेमतेम ११४ वॅट. एमपीपीटी त्याच पॅनेलमधून मे महिन्याच्या उन्हातही २६५ वॅटपर्यंत काढतो, दुपटीहून जास्त. इथे स्वस्त कंट्रोलर घेणं म्हणजे पॅनेलचे निम्म्याहून अधिक पैसे छपरावर वाळत घालणं. तेच पॅनेल चोवीस व्होल्टच्या बॅटरी-जोडीला लावलं, तर फरक पुन्हा पंधरा-सोळा टक्क्यांवर येतो.

खरेदी करताना दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, स्टिकरवरचं ‘व्हीओसी’. या पॅनेलचं ते ४६ व्होल्ट असतं. दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडली की ९२, आणि थंडीच्या पहाटे त्याहून थोडं अधिक. कंट्रोलरची मर्यादा ७५ व्होल्ट असेल तर तो पहिल्याच दिवशी जळेल. दुसरी, नावाला फसू नका. बाजारात एमपीपीटी छापलेले पण आत साधा स्विच असलेले डबे मिळतात. हातात घेतल्यावर फुलासारखा हलका लागला की शंका घ्यावी, कारण कॉइलला वजन असतं. जोडल्यावर, बॅटरी उतरलेली असताना भर उन्हात पॅनेलच्या आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. दोन्हीकडे जवळपास सारखंच व्होल्टेज दिसलं, तर तो पीडब्ल्यूएमच. पॅनेलकडे व्होल्टेज जास्त आणि बॅटरीच्या वायरमध्ये करंट जास्त दिसला, तर खरा एमपीपीटी.

तेव्हा आधी व्हीएमपी वाचा. बारा व्होल्टच्या बॅटरीला १८ व्होल्टचं एखादं लहान पॅनेल असेल, तर पीडब्ल्यूएम पुरे. वाचलेल्या पैशांत थोडं मोठं पॅनेल येतं आणि जादा वीज त्यातूनच मिळते. व्हीएमपी तिशीच्या पुढे असेल आणि बॅटरी बाराचीच, तर एमपीपीटीला पर्याय नाही.